पेंग्विनच्या घोळक्यात नंबर कोण लावतं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर डिसेंबरला एक व्हिडिओ फिरतो. बर्फावर शेकडो पेंग्विन एकमेकांना चिकटून उभे, मागे सनई की बासरी काहीतरी, आणि खाली लिहिलेलं की बघा, मधले पेंग्विन थोडा वेळ ऊब घेतात आणि मग स्वतःहून बाहेर येऊन थंडीत उभं राहतात, बाहेरच्यांना आत सोडतात. मग चार जण हात जोडतात. व्हिडिओ खरा असतो, खालचं लिहिलेलं मात्र अर्धंच खरं. जागा बदलतात हे बरोबर. पण मधला कुणी उठून ‘या, तुम्ही बसा’ म्हणत नाही आणि बाहेरचाही नंबर लावून उभा नसतो. मग अदलाबदल होते कशी? मला तरी ती त्या हात जोडण्याच्या गोष्टीपेक्षा जास्त भारी वाटते.

आधी कुठल्या पेंग्विनबद्दल बोलतोय ते सांगतो, कारण इथेच गोंधळ होतो. भाचीला भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलं होतं तेव्हा तिने विचारलं, मामा हे एकमेकांना चिकटत का नाहीत? कारण ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना असली थंडी माहीतच नाही. व्हिडिओतले ते एम्परर पेंग्विन, सगळ्यात मोठे, मीटरभराहून उंच. अंटार्क्टिकात राहणारे ॲडेली पेंग्विनसुद्धा मोठेपणी असा घोळका करत नाहीत, ते तिथल्या उन्हाळ्यात दगडांचं घरटं करून अंडी घालतात आणि शेजारी जवळ आला की चोच मारतात. एम्पररचं सगळं उलटं आहे. तो ऐन हिवाळ्यात अंडं घालतो, तेही समुद्राच्या गोठलेल्या बर्फावर, आणि घरटं नाहीच. अंडं नराच्या पायांवर, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरलेली. घरटं नाही म्हणजे राखायला जागा नाही, आणि राखायला जागा नाही म्हणून शेजाऱ्याशी भांडण नाही. हे लक्षात ठेवा, कारण शेजाऱ्याला चोच मारणाऱ्या पक्ष्याला घोळका करता येत नाही. आणि घर पायावरच असल्यामुळे अंड्यासकट सरकता येतं, हळूहळू, पाय घासत.

आता हिशोब बघू, कारण घोळका का लागतो ते हिशोबातच कळतं. नर मार्चअखेर-एप्रिलमध्ये समुद्र सोडून वसाहतीत येतो तेव्हा त्याचं वजन असतं साधारण ३८ किलो. तेव्हापासून त्याला खायला काहीही नाही, फक्त बर्फ. महिना-दीड महिना जोडी जमवण्यात जातो, मे-जूनमध्ये मादी अंडं घालते, ते नराच्या पायावर देते आणि समुद्राकडे निघून जाते, कारण अंडं घालून तिचीही ताकद संपलेली असते. मग पुढचे ६५ दिवसांच्या आसपास नर एकटाच उबवतो. म्हणजे धरून चाला ११५ दिवसांचा उपास. शेवटी वजन उरतं २३ किलोच्या आसपास. १५ किलो गेले, म्हणजे रोजचे १३० ग्रॅम.

आता समजा घोळका नाही आणि रोजचा खर्च दीडपट झाला, १९५ ग्रॅम. तेच १५ किलो ७७ दिवसांत संपतील. त्यातले पहिले ५० दिवस अंडं यायच्या आधीचे, म्हणजे अंडं चार आठवड्यांचंही झालेलं नसताना टाकी रिकामी. (दीडपट हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय.) आणि टाकी रिकामी म्हणजे पक्षी तिथल्या तिथे मरतो असंही नाही. चरबी संपत आली आणि शरीर स्नायू जाळायला लागलं की त्याच्या आत काहीतरी बदलतं, तो अंडं सोडून देतो आणि चालत समुद्राकडे निघतो. निर्दय वाटेल, पण तो जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडं होऊ शकतं. उघड्यावर पडलेलं अंडं मात्र थोड्याच वेळात गोठून जातं.

बरं, मग त्याची पिसं काय कामाची? पिसं जबरदस्तच आहेत. अंटार्क्टिकात फ्रान्सचं द्युमाँ द्युरव्हिल नावाचं स्टेशन आहे, त्याच्या शेजारीच एम्पररची वसाहत, पॉइंट जिओलॉजी. तिथे उष्णता दिसणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढले तर दिसलं की निरभ्र आकाश असताना पेंग्विनच्या पिसांचा वरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षाही ४ ते ६ अंशांनी थंड असतो. पुन्हा वाचा, हवेपेक्षा थंड. आतली उष्णता बाहेर इतकी कमी येते की वरचा थर आकाशाकडे उष्णता टाकून टाकून हवेच्याही खाली जातो. पण कितीही चांगली पिसं असली तरी त्यांची एक हद्द आहे, आणि एम्पररसाठी ती उणे १० अंशांच्या आसपास. तिथपर्यंत नुसतं उभं राहून भागतं, त्याच्या खाली गेलं की शरीर गरम ठेवायला जास्तीची चरबी जाळावी लागते. आणि पॉइंट जिओलॉजीला हिवाळ्यातलं सरासरी तापमान आहे उणे १७च्या आसपास, वर वारा. तिथला वारा म्हणजे आतल्या उंच बर्फाच्या पठारावरची थंडगार जड हवा उतारावरून घसरत समुद्राकडे येते तो, नुसती झुळूक नाही. हद्दीच्या खाली किती वेळ राहावं लागतं यावर सगळं ठरणार, आणि घोळका नेमका हाच वेळ कमी करतो.

एकटा उभा असेल तर त्याचं अख्खं अंग, पाठ-पोट-दोन्ही बाजू, हवेला लागून. घोळक्याच्या मध्ये उभा असेल तर फक्त डोकं-खांदे उघडे, बाकी सगळीकडे दुसऱ्याचं ३८ अंशांचं गरम अंग. घट्ट घोळक्यात एका चौरस मीटरमध्ये ८ ते १० पक्षी असतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशी डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर गव्हाच्या पोत्यांसारखे जाडजूड दहा जण उभे करून बघा.

आत किती गरम होतं? पॉइंट जिओलॉजीला फ्रेंच संशोधकांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर बारकी यंत्रं चिकटवली, त्यात थर्मामीटर आणि प्रकाश मोजणारा सेन्सर. प्रकाशाची आयडिया मला फार आवडली: पक्षी घोळक्यात घट्ट दाबला गेला की पाठीवरच्या सेन्सरला अंधार, सुटला की उजेड, म्हणजे कुणी शेजारी उभं राहून टिपणं न घेताही कळतं की हा कधी आत होता आणि कधी बाहेर. निकाल २००६ मध्ये आले. पक्षी सरासरी ३८ टक्के वेळ घोळक्यात होते, एका वेळी साधारण दीड तास, पण हे सरासरी झालं, कधी काही मिनिटांतच सुटका तर कधी खूप लांबलं. आणि घट्ट घोळक्यात पक्ष्याभोवतीचं तापमान २० अंशांच्या वर जात होतं, जास्तीत जास्त ३७.५ पर्यंत. बाहेर उणे १७ आणि आत नागपूरचा मार्च.

इथे मी थांबलो होतो पहिल्यांदा वाचताना. कारण आपण सगळे धरून चालतो की मधली जागा म्हणजे बेस्ट जागा, जितका वेळ मिळेल तितका बरा. पण उणे थंडीसाठी बनवलेला जाड कोट घालून ३० अंशांत उभं राहिलं तर काय होईल? उकडणार. म्हणजे मधल्यालासुद्धा कधीतरी बाहेर पडायचंच असतं, उपकार म्हणून नाही, घामाघूम झाल्यावर आपण पंख्याखाली जातो तसं (पेंग्विनला घाम येत नाही, पण समजून घ्या). अदलाबदलीची अर्धी किल्ली इथे आहे. दुसरी अर्धी कडेला आहे.

कडेचा पक्षी, त्यातही वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूचा, सगळ्यात जास्त गारठतो. तो काय करतो? आत घुसायचा प्रयत्न करत नाही, घट्ट घोळक्यात घुसायला फटच नसते. तो सुटतो, घोळक्याच्या कडेकडेने चालत जातो आणि पलीकडे, जिथे अख्ख्या घोळक्याचा आडोसा मिळतो, तिथे जाऊन मागे चिकटतो. झालं. आता तो जिथून गेला तिथे त्याच्यामागचा पक्षी उघडा पडला, काल परवापर्यंत म्हणा किंवा पाच मिनिटांपूर्वीपर्यंत म्हणा जो दुसऱ्या ओळीत होता तो आता पहिल्या ओळीत. थोड्या वेळाने तोही वैतागून निघतो, आडोशाला जातो. आणि जो आधी जाऊन चिकटला होता त्याच्या मागे आता हा येऊन उभा, म्हणजे पहिला आपोआप एक ओळ आत गेला, स्वतः न हलता. असं चालू राहिलं की वाऱ्याकडची बाजू सोलत जाते, आडोशाची बाजू वाढत जाते, आणि मधला पक्षी जागेवर उभा राहूनच हळूहळू मध्यावरून वाऱ्याच्या कडेला येतो. त्याने कुणाला जागा दिली नाही. त्याच्या पुढचे निघून गेले एवढंच.

२०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड कॅम्पसमधल्या गणितज्ञांनी हेच कॉम्प्युटरवर करून बघितलं. प्रत्येक पेंग्विन फक्त स्वतःपुरतं बघतो, दुसऱ्याचा विचार शून्य, ज्याला सगळ्यात जास्त थंडी वाजतेय तो उठून सगळ्यात कमी थंडीच्या कडेच्या जागी जातो, एवढाच नियम. निघालं काय? थंडीचा वाटा जवळपास सगळ्यांना सारखा! आणि जोराच्या वाऱ्यात घोळका वाऱ्याच्या दिशेने लांबट होत जातो आणि अख्खाच्या अख्खा वाऱ्याबरोबर सरकत जातो, गाडीच्या टायरसारखा, मागचं पुढे येत येत. आता हे गणित आहे, खरा पेंग्विन त्यात नाही. पण ते सेन्सरवाले पक्षी आठवा, त्यांच्यातही घोळक्याची ऊब सगळ्यांना सारखीच मिळत होती असंच दिसलं होतं. म्हणजे समता आहे, पण ती कुणी ठरवलेली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता, पण मध्ये एक अडचण आहे. दहा जण एका चौरस मीटरमध्ये इतके घट्ट उभे की एकट्याला पाऊलही टाकता येत नाही. सहाच्या विरार लोकलमध्ये ज्यांनी हात वर करून मोबाइल काढायचा प्रयत्न केलाय त्यांना हे सांगायला नको. भौतिकशास्त्रवाले याला जॅम म्हणतात, ओल्या वाळूत कण कणाला अडकतो तसं. घोळका जॅम झाला तर आतला आत आणि बाहेरचा बाहेर, आणि सैल सोडला तर ऊब गेली. घट्टही राहायचं आणि हलायचंही, हे कसं जमवणार?

हे कळलं कॅमेऱ्याने. अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला जर्मनीचं नॉयमायर स्टेशन आहे, जवळच आत्का बे, तिथेही एम्पररची वसाहत. डॅनियल झिटरबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कॅमेरा लावून चार तास दर १.३ सेकंदाला एक फोटो काढला आणि एकेका पेंग्विनच्या डोक्याजवळचा पांढरा-पिवळा डाग पकडून तो कुठून कुठे गेला ते मोजलं. २०११ मध्ये ते छापून आलं. साध्या डोळ्याने बघितलं तर घोळका स्तब्ध वाटतो, पण फोटो भराभर फिरवले की त्यातून लाट जाताना दिसते. दर ३० ते ६० सेकंदांनी पक्षी एक छोटं पाऊल टाकतात, ५ ते १० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या चार-पाच बोटांच्या रुंदीएवढं. सगळे एकदम नाही, एकाने टाकलं की शेजारचा, मग त्याचा शेजारचा, अशी ती हालचाल सेकंदाला साधारण १२ सेंटीमीटर वेगाने घोळका पार करते. मग पुन्हा सगळं शांत.

सिग्नल सुटल्यावर गाड्या कशा निघतात ते बघा. सगळ्या एकदम निघत नाहीत, पुढची हलली की मागची हलते, आणि ते ‘हलणं’ रांगेत मागे मागे जातं. तसंच. फरक एवढा की रांगेत सुरुवात पुढूनच होते, घोळक्यात कुठूनही होते. त्याच गटाने २०१३ मध्ये दाखवलं की लाट सुरू करायला कुणी म्होरक्या नसतो, मधला, कडेचा, कुणीही पक्षी हलला की त्याच्यापासून लाट पसरते. आणि दोन ठिकाणांहून दोन लाटा आल्या तर? एकमेकींत मिसळून एक होतात, आपल्याकडे धक्काबुक्की होते तशी होत नाही.

मग शेजाऱ्याला कसं कळतं की आता आपण हलायचं? त्या गटाच्या हिशोबाने मधलं अंतर २ सेंटीमीटरच्या आसपास वाढलं की शेजारी पाऊल टाकून ते भरून काढतो. हा २ सेंटीमीटरचा आकडा बघून मी हसलो होतो, म्हटलं एवढं बारीक कशाला. पण एका पक्ष्याच्या पिसांचा दबू शकणारा थर साधारण १ सेंटीमीटरचा, दोघांचा मिळून २. म्हणजे ते अशा अंतरावर उभे असतात की पिसांना पिसं नुसती टेकतात, दबत नाहीत. आणि हे महत्त्वाचं, कारण पिसांची सगळी ऊब त्यात अडकलेल्या हवेची. रजई दाबून बसलात तर ती गार लागते, फुलवून घेतली की गरम, तेच. एकमेकांवर रेटून उभे राहिले असते तर चिकटण्याचा फायदा दबलेल्या पिसांनी खाऊन टाकला असता. फट पडली तर वारा शिरतो, रेटलं तर पिसं दबतात, या दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा, आणि ती हजार पक्षी अंधारात सांभाळतात.

एवढ्याशा पावलाने काय होणार असं वाटत असेल तर गुणाकार करून बघा. १०० पक्ष्यांचा घोळका घेऊ, चौरस मीटरला १० धरले तर तो १० चौरस मीटरवर मावतो, गोल असेल तर आरपार साडेतीन मीटर. मिनिटाला एकच पाऊल आणि तेही ७ सेंटीमीटरचं धरलं तरी तासाला ६० पावलं, चार मीटरच्या वर. म्हणजे एका तासात घोळका स्वतःच्या लांबीहून जास्त सरकला! मध्ये मागच्या कडेला नवे येऊन चिकटत राहतात, पुढच्या कडेचे सुटून निघतात, दोन छोटे घोळके जवळ आले तर जोडलेही जातात. तासापूर्वी मागे चिकटलेला आता कुठे असेल ते तुम्हीच सांगा. आणि या सगळ्यात पायावरचं अंडं सुटता कामा नये, म्हणून पाऊल मोठं टाकताच येत नाही. लाटेची पावलं बारीक का, याचं एक साधं कारण हेही असावं असं मला वाटतं.

राहता राहिलं घोळका फुटणं. व्हिडिओवाले हे दाखवत नाहीत, आणि मला तर अदलाबदलीत याचाच वाटा मोठा वाटतो. आत तापायला लागलं की काही पक्षी मान वर काढतात, सुटायला बघतात, एकदा कडेला सैल पडलं की मिनिटा-दोन मिनिटांत अख्खा घोळका विस्कटतो. त्या वेळी आतली कोंडलेली गरम दमट हवा एकदम बाहेर पडते आणि पेंग्विनच्या डोक्यांवर वाफेचा ढग उठतो, कुकरचं झाकण काढल्यासारखा. पक्षी इकडे तिकडे उभे राहतात, काही चोचीने बर्फ खातात, अंग गार करतात, पिसं झटकतात. मग वारा पुन्हा बोचायला लागला की कुणीतरी कुणाच्या तरी पाठीला छाती टेकून मान खाली घालून उभा राहतो, त्याच्या मागे तिसरा, आणि नवा घोळका सुरू. नव्या घोळक्यात जुनी जागा कुणाचीच नाही. मगाशी मध्ये होता तो कडेला येऊ शकतो, पत्ते पिसून पुन्हा वाटल्यासारखं.

किती थंडीला घोळका होतो हेही नुसतं थर्मामीटर बघून सांगता येत नाही. उणे २० आणि वारा पडलेला, वर ऊन, तर पक्षी सुटे सुटे उभे दिसतील. उणे १२ आणि जोराचा वारा, तर घट्ट. आत्का बेला पुढे दूरवरून पाहणारे कॅमेरे कायमचे बसवले, त्यांच्या नोंदी घेऊन तापमान, वारा, ऊन, दमटपणा हे सगळं मिळून पक्ष्याला ‘जाणवणारी’ थंडी काढतात, आणि त्या एका आकड्याच्या एका बाजूला वसाहत सुटी, दुसऱ्या बाजूला घट्ट, वाफेचं पाणी होतं तसं. संशोधकांना यात एक फायदा असा दिसतो की पक्ष्याला हात न लावता, नुसतं लांबून बघून कळू शकतं की वसाहतीचं कसं चाललंय: तेवढ्याच थंडीला यंदा लवकर घोळके व्हायला लागले, तर कदाचित पक्ष्यांच्या अंगावर चरबी कमी आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये माद्या पोटभर खाऊन परत येतात, तोपर्यंत बहुतेक अंडी फुटलेली असतात. नर पिल्लू सोपवतो आणि ११५ दिवसांनी पहिल्यांदा जेवायला समुद्राकडे चालायला लागतो. पिल्लू काही आठवडे आई किंवा बापाच्या पायावर काढतं, मग त्यात मावेनासं होतं आणि आई-बाप दोघंही मासे आणायला जायला लागतात. तेव्हा वारा सुटला की राखाडी लोकरीच्या गोळ्यांसारखी ती पिल्लं एकमेकांच्या अंगात डोकं खुपसतात आणि बर्फावर त्यांचा स्वतःचा छोटा घोळका होतो, बराच वेडावाकडा, पण वाऱ्याकडचं पिल्लू गारठलं की तेही उठून पलीकडे जायला लागतं.